पेपरात पंधराशे वीस, पट्टीवर बाराशे : मध्य, मध्यक आणि बहुलक एकाच सारणीतून

कांद्याचे भाव पडले की चढले, बातमीत आकडे तीनच असतात : किमान, कमाल आणि तिसरा 'सर्वसाधारण'. लासलगावचा भाव असो की पिंपळगाव बसवंतचा, घरोघरी चर्चा होते ती या तिसऱ्या आकड्याची. आणि दर हंगामात एक तक्रार ठरलेली असते : "पेपरात पंधराशेच्या वर भाव छापून आलाय, मग आमचा कांदा बाराशेला कसा गेला? कुणीतरी खोटं बोलतंय."

बहुतेक वेळा खोटे कुणीच बोलत नसते. सर्वसाधारण दर म्हणजे ज्या भावाला सर्वाधिक माल विकला गेला तो भाव. केंद्र सरकारच्या अॅगमार्कनेट या संकेतस्थळावर याच रकान्याला 'मोडल प्राइस' म्हणतात. दहावीच्या पुस्तकात त्याचे नाव आहे बहुलक. बातमी देणारा मात्र त्याला सहज 'सरासरी भाव' म्हणून मोकळा होतो, आणि वाचणाऱ्याला वाटते की निम्म्या लोकांना तरी एवढा भाव मिळालाच असेल. आता सांख्यिकीच्या धड्यातल्या एका सारणीवर हे तपासून बघू.

## आधी सारणी नीट वाचू

समजा एका सकाळच्या लिलावात ८० वाहने आली. (आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. मोठ्या बाजारात एका दिवशी यापेक्षा कितीतरी जास्त वाहने येतात.) दर क्विंटलला मिळालेला भाव रुपयांत, असा नोंदवला गेला :

| भाव | वाहने |
|---|---|
| ८०० पेक्षा कमी | १० |
| ११०० पेक्षा कमी | २६ |
| १४०० पेक्षा कमी | ४२ |
| १७०० पेक्षा कमी | ७० |
| २००० पेक्षा कमी | ८० |

५०० च्या खाली एकही वाहन गेले नाही, असे धरू. ही झाली 'पेक्षा कमी' प्रकारची संचित वारंवारता सारणी. संचित म्हणजे साठत गेलेली. ११०० च्या ओळीतल्या २६ वाहनांमध्ये ८०० च्या आतली १० वाहने आधीच धरलेली आहेत. परीक्षेत अशी सारणी दिली की पुष्कळ मुले १०, २६, ४२, ७०, ८० यांचीच बेरीज करून मोकळी होतात. बेरीज २२८ येते आणि वाहने तर ८० च आहेत. संचित वारंवारतेची बेरीज कधीच करायची नसते. 'पेक्षा कमी' प्रकारात शेवटच्या ओळीतच एकूण संख्या लिहिलेली असते.

प्रत्येक वर्गात नेमकी किती वाहने, हे काढायला प्रत्येक ओळीतून तिच्या वरची ओळ वजा करायची. २६ मधून १० गेले १६, ४२ मधून २६ गेले १६, ७० मधून ४२ गेले २८, ८० मधून ७० गेले १०. पूर्ण सारणी अशी दिसते :

| वर्ग (रुपये) | वर्गमध्य x | वारंवारता f | संचित वारंवारता cf | f × x |
|---|---|---|---|---|
| ५००–८०० | ६५० | १० | १० | ६५०० |
| ८००–११०० | ९५० | १६ | २६ | १५२०० |
| ११००–१४०० | १२५० | १६ | ४२ | २०००० |
| १४००–१७०० | १५५० | २८ | ७० | ४३४०० |
| १७००–२००० | १८५० | १० | ८० | १८५०० |
| एकूण | | ८० | | १०३६०० |

बरोबर ११०० रुपयांना गेलेले वाहन कुठल्या वर्गात? ११००–१४०० मध्ये. वर्गाची खालची मर्यादा त्या वर्गात धरतात, वरची मर्यादा पुढच्या वर्गाला देतात. 'पेक्षा कमी' या शब्दांतच ते ठरून गेले आहे.

## मध्य : सगळ्यांचा भाव सारखा केला तर

वर्ग पाडले की प्रत्येक वाहनाचा खरा भाव हातातून जातो. ८००–११०० मध्ये १६ वाहने आहेत एवढेच कळते. कुणाला ८१० मिळाले आणि कुणाला १०९०, हे कळत नाही. मग आपण एक तडजोड करतो : त्या सोळाही वाहनांना वर्गाच्या मधोमध, म्हणजे ९५० रुपये भाव मिळाला असे मानतो. काहींना थोडे जास्त धरले जाते, काहींना थोडे कमी, आणि चुका बऱ्याचशा एकमेकींना खाऊन टाकतात.

मध्य = Σfx / Σf = १०३६०० ÷ ८० = १२९५ रुपये.

हे आकडे मोठे वाटत असतील तर गृहीतमध्य पद्धत घ्यायची. १२५० हा मधला वर्गमध्य गृहीत धरा. त्याच्या वर-खाली किती 'पायऱ्या' ते लिहा : −२, −१, ०, १, २. एक पायरी ३०० रुपयांची. वारंवारतेशी गुणून बेरीज : −२० − १६ + ० + २८ + २० = १२. मग १२५० + (१२ ÷ ८०) × ३०० = १२५० + ४५ = १२९५. उत्तर तेच येते, घाम कमी जातो. पायऱ्या करून मोजायच्या या रीतीला पुस्तकात मध्यप्रमाण विचलन पद्धत असे भारदस्त नाव आहे, म्हणून मुले तिला उगीच बिचकतात.

मधोमध मानण्याची ही तडजोड किती महागात पडू शकते, हेही मोजता येते. सगळ्यांना आपापल्या वर्गातला सर्वांत कमी भाव मिळाला असता तर मध्य १५० रुपयांनी खाली, म्हणजे ११४५ आला असता. सगळे वरच्या मर्यादेला टेकले असते तर १४४५ च्या जवळ. खरा मध्य या दोन्हींच्या आतच आहे, आणि दोन्ही टोके व्यवहारात अशक्यच. म्हणजे या सारणीपुरता मध्य १५०० च्या वर असूच शकत नाही.

## मध्यक : चाळिसावे वाहन कुठे उभे आहे?

आता ही ८० वाहने भावाच्या क्रमाने एका रांगेत उभी करा, सर्वांत स्वस्त गेलेले मागे, सर्वांत महाग गेलेले पुढे, आणि मोजणी मागून करा. रांगेच्या बरोबर मध्यावर जो भाव येतो तो मध्यक. निम्म्यांना त्यापेक्षा कमी मिळाला, निम्म्यांना जास्त.

एकूण वाहने N = ८०, म्हणून N/2 म्हणजे ४०. संचित वारंवारतेच्या रकान्यावरून बोट खाली सरकवा आणि ४० किंवा त्याहून मोठा पहिला आकडा जिथे भेटेल तिथे थांबा. १० नाही, २६ नाही, ४२ चालेल. म्हणून मध्यक वर्ग ११००–१४००. सर्वांत जास्त वारंवारता (२८) या वर्गात नाही, इकडे लक्ष असू द्या. मध्यक वर्ग शोधताना f च्या रकान्याकडे बघायचेच नसते.

इथून पुढे सूत्र पाठ नसले तरी चालते. ११०० रुपयांच्या रेषेपाशी पोचलो तेव्हा २६ वाहने मागे पडली होती. चाळिसाव्यापर्यंत जायला आणखी १४ हवीत. या वर्गात एकूण १६ वाहने आहेत आणि ती ३०० रुपयांच्या पट्ट्यात सारख्या अंतराने पसरली आहेत असे मानू. १६ वाहनांना ३०० रुपये, तर १४ वाहनांना किती? साधे त्रैराशिक : (१४ ÷ १६) × ३०० = २६२.५०. म्हणून मध्यक = ११०० + २६२.५० = १३६२.५० रुपये.

हेच वाक्य अक्षरांत लिहिले की पुस्तकातले सूत्र तयार होते :

मध्यक = L + [(N/2 − cf) / f] × h

L ही मध्यक वर्गाची खालची मर्यादा, h वर्गाची रुंदी, f त्याच वर्गाची वारंवारता. cf मात्र आधीच्या वर्गाची, कारण ती 'मागे पडलेली' वाहने आहेत.

हाच हिशोब उलटाही चालतो, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने तोच जास्त कामाचा. माझा कांदा १२०० ला गेला, तर रांगेत मी कुठे? ११०० पर्यंत २६ वाहने. त्यापुढच्या ३०० रुपयांतले १०० मी चाललो, म्हणजे १६ चा तिसरा भाग, साधारण ५. माझ्या मागे सुमारे ३१ वाहने, पुढे जवळजवळ ४९. बाराशे हा भाव तळाचा नाही, पण वरच्या निम्म्यातही बसत नाही.

## बहुलक : गर्दी कुठे आहे?

सर्वांत जास्त वाहने, २८, ही १४००–१७०० या वर्गात आहेत. हा झाला बहुलकीय वर्ग. इथे संचित रकान्याचा काही संबंध नाही. 'पेक्षा कमी' प्रकारची संचित वारंवारता उतरत कधीच नाही, त्यामुळे त्यात 'सर्वांत मोठी' शोधली तर नेहमी शेवटचाच वर्ग हाती लागेल.

पण ३०० रुपयांच्या त्या वर्गात गर्दीचा शेंडा नेमका कुठे? मधोमध, १५५० ला? शेजारी सारखे असते तर हो म्हटले असते. पण डावीकडच्या वर्गात १६ वाहने आहेत आणि उजवीकडच्यात १०. ज्या बाजूचा शेजारी भरलेला, त्या बाजूला शेंडा थोडा झुकणार. किती झुकणार, ते फरकांवरून ठरते. डावीकडचा फरक २८ − १६ = १२, उजवीकडचा २८ − १० = १८. वर्गाची रुंदी १२ : १८ या प्रमाणात वाटायची. एकूण ३० भागांपैकी डावीकडून १२ भाग चालायचे : (१२ ÷ ३०) × ३०० = १२०. बहुलक = १४०० + १२० = १५२० रुपये.

बहुलक = L + [(f₁ − f₀) / (2f₁ − f₀ − f₂)] × h

f₁ ही बहुलकीय वर्गाची वारंवारता, f₀ त्याच्या आधीच्या वर्गाची आणि f₂ पुढच्या वर्गाची. छेदातले 2f₁ − f₀ − f₂ हे कुठून आले, असा प्रश्न पडतो ना? ते म्हणजे (f₁ − f₀) + (f₁ − f₂), आपले १२ + १८. वेगळे काही नाही. ज्यांना आयतालेख आवडतो त्यांनी सर्वांत उंच आयताचे वरचे दोन कोपरे शेजारच्या आयतांच्या कोपऱ्यांना तिरके जोडून पाहावे. रेषा जिथे छेदतात तिथून खाली लंब टाकला की तो १५२० वर पडतो.

बहुलकीय वर्ग पहिलाच असेल तर त्याच्या आधी कुणी नाही, म्हणून f₀ = ०. शेवटचा असेल तर f₂ = ०.

## एकाच सकाळची तीन उत्तरे, मग खरे कोणते?

मध्य १२९५, मध्यक १३६२.५०, बहुलक १५२०. तिन्ही खरी आहेत, कारण तिघांना विचारलेला प्रश्न वेगळा आहे.

आता पेपरातल्या भावाकडे या. १५२० पेक्षा जास्त भाव किती जणांना मिळाला? वरच्या वर्गातल्या १० जणांना, आणि १४००–१७०० मधल्या २८ पैकी अंदाजे १७ जणांना. एकूण २७ च्या आसपास. म्हणजे ८० पैकी सुमारे ५३ शेतकऱ्यांना छापून आलेल्या भावापेक्षा कमी मिळाला. दोन तृतीयांश लोकांची तक्रार आहे आणि छापलेला आकडाही चुकीचा नाही!

असे का झाले ते सारणीतच दिसते. गर्दी वरच्या बाजूला आहे आणि एक लांब शेपूट खाली पसरले आहे. चांगला वाळलेला, एकसारख्या आकाराचा कांदा एका पट्ट्यात गेला. गोल्टी, डागी, कोंब आलेला माल त्याच सकाळी कुठे सहाशेला, कुठे नऊशेला गेला. बहुलक शेपटाकडे बघत नाही. मध्य प्रत्येक वाहन हिशोबात घेतो, म्हणून शेपूट त्याला खाली ओढते. मध्यक या दोघांच्या मध्ये राहिला.

"मग सरळ सरासरीच का छापत नाहीत?" असे कुणी विचारील. छापावीही, पण तिच्यातही एक गोम आहे. आपण प्रत्येक वाहन सारखे धरले. ट्रॅक्टर-ट्रॉलीत जास्त क्विंटल असतात, पिकअपमध्ये कमी. बाजारात एकूण किती पैसा फिरला त्याचा दर क्विंटलचा मध्य हवा असेल, तर f च्या रकान्यात वाहनांची संख्या न घालता क्विंटल घालावे लागतील. सूत्र तेच राहील, उत्तर बदलेल.

## उत्तर चुकले हे कसे ओळखायचे?

मध्यकाच्या सूत्रात आधीच्या वर्गाची cf (२६) न घेता मध्यक वर्गाचीच (४२) घेतली, तर कंसात ४० − ४२ = −२ येते आणि उत्तर १०६२.५०. ही चूक लगेच पकडता येते, कारण उत्तर ११००–१४०० या वर्गाच्या बाहेर पडले. मध्यक आपल्या वर्गातच असला पाहिजे, बहुलकही आपल्या वर्गात.

दुसरी चूक जास्त चोरटी आहे. f च्या जागी १६ न लिहिता शेजारच्या रकान्यातले ४२ उचलले, तर (१४ ÷ ४२) × ३०० = १०० आणि मध्यक १२००. उत्तर वर्गाच्या आत आहे, दिसायला गोंडस आहे, आणि साफ चूक आहे. ती ओळखायची तर रांग डोळ्यांपुढे आणावी लागते. हा वर्ग २७ व्या वाहनापासून ४२ व्या वाहनापर्यंत जातो. चाळिसावे वाहन त्याच्या शेवटाला आले आहे, तेव्हा उत्तर १४०० च्या बाजूला हवे. १२०० तर सुरुवातीकडे पडतो.

वर्ग ५००–७९९, ८००–१०९९ असे तुटक दिले असतील तर मध्यक आणि बहुलक काढण्याआधी ते सलग करून घ्यायचे. ७९९ आणि ८०० मधले १ चे अंतर निम्मे-निम्मे वाटून ४९९.५–७९९.५, ७९९.५–१०९९.५ असे लिहायचे. L मध्ये ८०० लिहिले तर उत्तर अर्ध्या रुपयाने चुकते आणि h मध्ये २९९ धरले तर आणखी थोडे. मध्याला मात्र याने काही होत नाही, कारण वर्गमध्य दोन्हीकडे तोच येतो.

## वर्ग वेगळे पाडले असते तर?

बाजार समितीत कुणी हे सूत्र घेऊन बसत नाही. तिथे प्रत्येक वाहनाचा भाव नोंदलेला असतो. आपल्याकडे फक्त सारणी असते, म्हणून हे अंदाज. पण अंदाज सगळे सारखे भरवशाचे नसतात, हे बघायला हीच ८० वाहने ६०० रुपयांच्या रुंद वर्गांत घालू : ५००–११०० मध्ये २६, ११००–१७०० मध्ये ४४, १७००–२३०० मध्ये १०.

मध्य : (८०० × २६ + १४०० × ४४ + २००० × १०) ÷ ८० = १२८०. आधी १२९५ होता, फरक १५ रुपये. मध्यक : ११०० + (१४ ÷ ४४) × ६०० = सुमारे १२९१. आधी १३६२.५०, म्हणजे फरक सुमारे ७२ रुपये. बहुलक : डावा फरक १८, उजवा ३४, म्हणून ११०० + (१८ ÷ ५२) × ६०० = सुमारे १३०८. आधी १५२० होता. दोनशे बारा रुपयांची घसरण, आणि बाजारात एक कांदाही हलला नाही.

बहुलक असा उडी मारतो कारण तो फक्त तीन वर्गांच्या वारंवारतेवर उभा आहे, आणि त्या वारंवारता आपण रेषा कुठे आखल्या त्यावर ठरतात. मध्याला सगळे वर्ग मिळून सांभाळतात. मध्यकाला संचित बेरीज सांभाळते : ११०० च्या आत २६ वाहने, ही गोष्ट दोन्ही सारण्यांत तशीच राहिली. त्यामुळे दोन गावांच्या बाजारांचे बहुलक शेजारी मांडायचे असतील तर दोन्हीकडचे वर्ग तेच आहेत ना, हे आधी बघायचे, आणि परीक्षेत दिलेले वर्ग स्वतःहून जोडायचे किंवा फोडायचे नाहीत.